चौकटीतले वाक्य

माझा उभा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेला. त्यामुळे छापलेल्या कागदाविषयी आपल्याला सगळे कळते, असा एक समज माझ्या मनात कधी घर करून बसला ते मलाच समजले नाही. निवृत्तीनंतर मी गावी येऊन राहिलो, आणि तेथल्या वाचनालयाच्या कार्यवाहांनी एके दिवशी माझ्यापुढे एक कागद ठेवून म्हटले, "अण्णा, एवढं एका पानात बसवून द्या. लोक रोज विचारायला येतात, आणि आम्हालाच ते धड वाचता येत नाही." तो कागद म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यातल्या सातव्या कलमाची प्रत होती. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "उद्या संध्याकाळी घेऊन जा."

त्या 'उद्या संध्याकाळी'ची शिक्षा मला पुढे चांगलीच भोगावी लागली.

सातवे कलम ज्यांनी वाचले नसेल, त्यांच्यासाठी त्याचे रूप थोडक्यात सांगतो. त्याचे पहिले उपकलम हे एकच लांबलचक वाक्य आहे. त्यात आधीच्या दोन कलमांकडे बोट दाखविलेले आहे, मग जन माहिती अधिकारी येतो, मग शक्य तितक्या लवकर व काहीही झाले तरी ३० दिवसांच्या आत, मग एक तर शुल्क घेऊन माहिती द्यावी, नाही तर आठव्या व नवव्या कलमांतल्या कारणांपैकी एखाद्या कारणाने अर्ज फेटाळावा, आणि शेवटी एक परंतुक: माहिती कोणाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ती ४८ तासांत दिली पाहिजे. पुढच्या उपकलमात, मुदतीत निर्णय न दिल्यास अर्ज नाकारला असे समजावे, असे म्हटले आहे. त्याच्या पुढे शुल्काचा मोठा गुंता आहे. अपिलाचा अधिकार कोठे आहे, तर तो तेथे नाहीच. तो थेट एकोणिसाव्या कलमात जाऊन बसला आहे.

या मजकुराला वाईट म्हणण्याचे मला धाडस होत नाही. कायदा लिहिणाराला एकही फट ठेवावयाची नसते, म्हणून तो सारे एका वाक्यात बांधतो. गाठोडे बांधणाराचे ते बरोबरच आहे. पण ज्याला त्यातली एकच वस्तू हवी असते, त्याला गाठोडे सोडावेच लागते.

मी ते सोडले, आणि छापखान्यातल्या माणसाला शोभेल अशा झोकात सोडले. पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत मथळा दिला: '३० दिवसांत माहिती मिळते'. खाली करड्या रंगाची एक देखणी चौकट टाकून तीत मोठ्या टायपात लिहिले: 'जीविताचा प्रश्न असल्यास ४८ तासांत!' त्या उद्गारचिन्हाचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता, हेही कबूल करतो. त्याखाली चार उपमथळे व प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी. आणि तळाशी, 'उत्तर न आल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करा.' कार्यवाह खूष झाले. त्यांनी पन्नास प्रती काढविल्या. एक मी घरी आणून सौ.ला दाखविली. ती म्हणाली, "छान दिसतंय हो." मी तेवढ्यावर समाधान मानले. 'दिसतंय' या शब्दाकडे तेव्हा माझे लक्ष गेले नाही.

तीन-साडेतीन महिन्यांनी शेजारच्या वाडीतले तात्या माझ्या ओसरीवर येऊन बसले. त्यांच्या शेताच्या सातबाऱ्यावर एक फेरफार नोंदला गेला होता, आणि तो कोणत्या कागदाच्या आधाराने नोंदला याची नक्कल त्यांना हवी होती. ऑगस्टच्या ५ तारखेला त्यांनी अर्ज दिला होता. उत्तर आले नाही. तात्या थांबले. दिवाळी झाली, तरी थांबले. मग कोणीतरी त्यांना म्हणाले, की अपिलाची मुदत केव्हाच टळून गेली.

तात्यांनी खिशातून माझे पत्रक काढले. घड्यांवर ते विरले होते. ते माझ्यापुढे ठेवून ते शांतपणे म्हणाले, "अण्णा, ह्यात कुठं लिवलंय, मुदत हाय म्हणून? मी दोनदा वाचलं. नातवाकडून बी वाचून घेतलं."

मी वाचले. तसे कोठेही लिहिलेले नव्हते. अपील ३० दिवसांच्या आत करावयाचे असते, हे मला ठाऊक होते. पण ओळ लहान व्हावी म्हणून मी तेवढेच शब्द गाळले होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या मजकुरातला गळलेला काना हुडकणाऱ्या माणसाने स्वतःच्या मजकुरातून एक महिना गाळला होता.

एकोणिसाव्या कलमात त्यावर एक उतारा आहे. वेळेत अपील न करण्यास पुरेसे कारण होते अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो उशिरा आलेले अपीलही दाखल करून घेऊ शकतो. आम्ही दोघांनी मिळून तसा अर्ज लिहिला, आणि कारण म्हणून जे खरे होते तेच लिहिले. अपील दाखल झाले, नक्कलही मिळाली. पण ज्या सुनावणीसाठी तात्यांना ती हवी होती, ती मधल्या काळात होऊन गेली होती. आता त्यांना वरच्या पायरीवर दाद मागावी लागणार होती. तात्या मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्या रात्री मी पत्रक पुन्हा करावयास घेतले. या खेपेस पानाच्या सजावटीपासून सुरुवात केली नाही. कलम घेतले, आणि त्यातली एकेक गोष्ट एकेका चिठ्ठीवर उतरविली. प्रत्येक चिठ्ठीवर पाच प्रश्नांची उत्तरे लिहावयाची असे ठरविले: कोणी करावयाचे, काय करावयाचे, किती दिवसांत, ते दिवस कोठून मोजावयाचे, आणि न केल्यास काय होते. माझ्या असे ध्यानात आले की, पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी जुन्या पत्रकात दिली होती, आणि शेवटच्या दोहोंची जवळजवळ कोठेच दिली नव्हती. माणसे अडकतात ती मात्र या दोन प्रश्नांपाशीच.

'३० दिवस' हेच घ्या. ते कोठून मोजावयाचे? मी लिहिले होते, 'अर्ज दिल्यापासून'. कायदा म्हणतो, अर्ज मिळाल्यापासून. हाती दिला तर दोन्ही एकच. पण टपालाने पाठविला तर तो कार्यालयात पोहोचल्याची तारीख धरावयाची. म्हणजे हाती दिल्यास पोच आणि टपालाने पाठविल्यास पोचपावतीचे कार्ड, हा तुमचा पहिला आधार. एक शब्द बदलला, आणि 'पोच जपून ठेवा' ही नवी ओळ पानावर आपोआप आली.

मग मथळा. 'माहिती मिळते' हे वाक्य ऐकावयास गोड, पण ते खोटे आहे. तीस दिवसांत मिळावयाचा असतो तो निर्णय. माहिती मिळेल किंवा नकार मिळेल. 'एक तर... नाही तर...' ही कलमातली जोडी मी मथळा लहान करण्याच्या नादात मोडली होती. आता मी लिहिले: '३० दिवसांत उत्तर'. शब्द पूर्वीपेक्षा कमीच झाले, आणि वाक्य खरे झाले. मथळा आखूड असावा हे बरोबर आहे, पण कापताना नाम कापावे की विशेषण, याचा विचार पाहिजे. 'किंवा', 'मात्र', 'आत', 'पासून' हे शब्द दिसावयास क्षुल्लक असतात, पण कायद्याचा सारा भार त्यांच्याच खांद्यावर असतो.

चिठ्ठ्या तयार झाल्यावर त्या लावण्याचा प्रश्न आला. कलमाचा क्रम हा लिहिणाराच्या सोयीचा असतो. त्यात अधिकारी आधी येतो, कारण कर्तव्य त्याचे आहे. पण ओसरीवर येणारा माणूस 'मी आता काय करू?' एवढेच विचारीत असतो. म्हणून मी चिठ्ठ्या त्याच्या दिवसांच्या क्रमाने मांडल्या: अर्ज दिला तो दिवस, वाट पाहण्याचे दिवस, पैसे मागणारे पत्र आले तर, उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर. सातव्या आणि एकोणिसाव्या कलमांमध्ये कायद्याच्या पुस्तकात अकरा कलमे पडली आहेत. माझ्या पानावर त्यांच्यामध्ये एक ओळही राहिली नाही.

शुल्काची चिठ्ठी फार वेळ हट्टाला पेटली होती. नकलांच्या खर्चासाठी अधिकारी आणखी पैसे मागणार असेल, तर ते पत्र रवाना झाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या तिसांतून वगळावयाचे असतात. हे मी चार प्रकारांनी लिहून पाहिले. चारही वेळा सौ.ने कपाळाला आठी घातली. शेवटी मी नियम सांगण्याचा नाद सोडला व तारखा मांडल्या. अर्ज मिळाला ५ ऑगस्टला. पैशांचे पत्र रवाना झाले २५ ऑगस्टला. २० दिवस संपले. पैसे भरले १० सप्टेंबरला. मधले दिवस मोजावयाचे नाहीत. उरलेले १० दिवस पुढे मोजा: २० सप्टेंबर. "असं सांगा की मग," सौ. म्हणाली. पानावर मी एक आडवी रेघ काढली, मधे तिला खंड पाडला, आणि खंडाखाली लिहिले: 'हे दिवस धरू नका.'

आता चौकट. चौकट म्हणजे पानावरचा मोठा आवाज, आणि तो मी ४८ तासांच्या परंतुकासाठी खर्च केला होता, कारण ते परंतुक मनावर ठसणारे होते. परिणाम असा झाला की, वाचनालयात जो येई तो म्हणे, "आमचंही जिवाचंच आहे हो!" रेशनकार्डाचे काम अडलेल्या माणसाला ते जिवाचे वाटतेच, आणि त्याला दोष कोण देईल? पण ते परंतुक विरळा प्रसंगासाठी आहे. चौकटीत काय घालावे याची कसोटी त्यानंतर मी एवढीच ठेवली: कोणती गोष्ट न वाचल्याने बहुतेकांचे नुकसान होईल? त्या कसोटीला एकच वाक्य उतरत होते, आणि नेमके तेच मी गाळले होते.

चौकटीचा दुसरा एक धर्म असा की, पुष्कळ लोक तेवढीच वाचतात. वर काय लिहिले आहे, खाली काय लिहिले आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. तेव्हा चौकटीतले वाक्य एकट्याने उभे राहिले पाहिजे. त्याची अट त्याच्याबरोबरच आत आली पाहिजे. आणि अशी चौकट पानावर एकच असावी. तीन चौकटी काढल्या की तिघेजण एकदम बोलू लागतात, आणि ऐकणारा उठून जातो.

तिसरी गोष्ट मला झेरॉक्सच्या दुकानाने शिकविली. माझी ती करड्या रंगाची देखणी चौकट पहिल्या प्रतीत सुरेख होती. त्या प्रतीवरून काढलेल्या प्रतीत ती मळकी झाली, आणि तिच्यावरून काढलेलीत काळीठिक्कर. लोक पत्रकाची प्रत नेहमी हाती असलेल्या प्रतीवरूनच काढतात, मूळ कोणाजवळ असते! म्हणजे पानावरचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य सर्वांच्या आधी नाहीसे होत होते. नवी चौकट मी पांढरीच ठेवली, आणि भोवती एक जाड रेघ ओढली. रेघ पाचव्या प्रतीतही टिकते.

बाकीची मांडणी मग सोपी होती. ए-४ आकाराचा कागद, चारी बाजूंना दोन सेंटिमीटरचा समास, मजकूर १४ पॉइंटांत. आपल्या लिपीला वर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीच्या मापाने ओळी घट्ट बसविल्या तर वरचा उकार खालच्या वेलांटीवर पाय देतो. म्हणून ओळींमधले अंतर मी अक्षराच्या दीडपट ठेवले. मथळे फक्त ठळक केले. इंग्रजीतल्यासारखी मोठी अक्षरे आपल्याकडे नाहीत, आणि तिरपे टाईप वयस्कर डोळ्यांना मानवत नाहीत. एवढ्याने मजकूर पानाबाहेर जाऊ लागला. पूर्वीचा मी असतो तर टायप १० पॉइंटांवर आणून मोकळा झालो असतो. आता मी एक चिठ्ठीच बाजूला काढली: दुसऱ्या अपिलाची. पहिल्या अपिलाचा निकाल लागल्यावर तिची वेळ येते. तोवर माणूस पुन्हा वाचनालयात येईल. पण तिच्या जागी 'यापुढची पायरी वेगळ्या पानावर आहे' एवढी एक ओळ ठेवली. गाळावे लागतेच, पण गाळले आहे हे वाचणाराला कळले पाहिजे.

तयार झालेल्या पानाचा मजकूर असा होता:

अर्ज दिला
हाती दिल्यास पोच घ्या. टपालाने पाठविल्यास पोचपावतीचे कार्ड जपा. मुदत अर्ज कार्यालयाला मिळाल्यापासून मोजतात.

३० दिवसांत उत्तर
उत्तर म्हणजे माहिती किंवा कारणासह नकार. कोणाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित माहिती असेल तरच ४८ तास.

पैसे मागणारे पत्र आले
पत्र रवाना झाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या ३० मध्ये धरू नका.

उत्तर आले नाही, किंवा पटले नाही
उत्तर न येणे हाही नकारच. त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करा.

आणि शेवटच्या मथळ्याखाली, जाड रेघेच्या चौकटीत:

अपिलाला ३० दिवसच असतात. उत्तर आले असेल तर ते मिळाल्यापासून, आले नसेल तर उत्तराची मुदत संपल्यापासून मोजा. उदाहरण: अर्ज मिळाला ५ ऑगस्ट, उत्तराची मुदत ४ सप्टेंबर, अपील ४ ऑक्टोबरपर्यंत.

तळाशी बारीक अक्षरांत अधिनियमाचे नाव, कलमे ७ व १९, पत्रक केल्याची तारीख, आणि 'हे पत्रक समजण्यासाठी आहे. वाद पडल्यास मूळ कलम पाहा' ही ओळ. उशिरा आलेले अपीलही पुरेसे कारण असल्यास घेता येते, ही गोष्ट पत्रकात द्यावी की नाही यावर मी दोन दिवस घालविले. चौकटीत घातली तर मुदतीची धार जाते. मुळीच न दिली तर तात्यांसारखा माणूस घरी बसून राहतो. शेवटी ती चौकटीबाहेर, तिच्या खाली, साध्या टायपात दिली: 'मुदत गेली असल्यास कारण लिहून अपील करा, ते दाखल करून घेणे अधिकाऱ्याच्या हाती असते.'

त्यानंतर दोन तपासण्या केल्या. पहिली उलटी: पत्रक डावीकडे, कलम उजवीकडे, आणि कलमातल्या प्रत्येक वाक्यांशावर एक तर बरोबरची खूण, नाही तर 'मुद्दाम सोडले' असा शेरा. मुद्रितशोधकाची ही जुनीच सवय. पहिल्या खेपेस मी ती का विसरलो, कोण जाणे. दुसरी तपासणी माणसावर. या वेळी सौ.ला "कसं दिसतंय?" असे विचारले नाही. "समजलं का?" असेही विचारले नाही, कारण त्या प्रश्नाला सभ्य माणसे 'हो' म्हणतात. पान तिच्या हाती दिले आणि विचारले, "कार्यालयाला अर्ज मिळाला १० जूनला. काही उत्तर नाही. अपील कोणत्या तारखेपर्यंत करशील?"

तिने बोटांवर मोजले. "जुलैची १०... नाही, जूनचे तीसच दिवस, म्हणजे १० जुलैच. आणि तिथून पुढं तीस. ९ ऑगस्ट." मग पान खाली ठेवून म्हणाली, "आणि अहो, ते आधीचं पत्रक होतं ना, त्यात हे नव्हतंच की!"

"नव्हतं," मी म्हणालो.

नवी पत्रके वाचनालयात गेली. जुन्या पन्नास प्रतींपैकी एकोणतीस परत मिळाल्या, त्या मी बंबात घातल्या. उरलेल्या एकवीस कोणाकोणाच्या खिशात, पोथीत, रेशनकार्डात अजून असतील. त्यांतली एखादी कधी समोर आली, तर ती मागून घेऊन नवी देता यावी म्हणून बाहेर पडताना मी खिशात दोन-चार पत्रके ठेवतो.

परवा बाजारात तात्या भेटले. वरच्या पायरीवरचे त्यांचे प्रकरण अजून चालू आहे. मी विचारण्याआधीच त्यांनी खिशातून नवे पत्रक काढून दाखविले, आणि चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, "आता बरं वाचता येतं."